साठ टक्क्यांची खाण

गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात बसून आम्ही परदेशातल्या सोन्याच्या खाणींची किंमत काढत असू. त्यांतली एकही खाण आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. परदेशी फंड आमचे अहवाल वाचून शेअर घ्यायचे.

हे काम मला माझ्या वरिष्ठ मॅडमनी शिकवलं. मी दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांच्या घरातला, म्हणून त्या मला बागेच्या हिशेबावरूनच समजावत. बागेत वर्षाला किती द्राक्षं निघतील ते मांडतो, तसं पुढच्या प्रत्येक वर्षी किती सोनं निघेल, काय भाव येईल, ते मांडायचं. मजुरी, यंत्रं, कर, शेवटी खाण बंद करण्याचा खर्च, सगळं वजा. दहा वर्षांनी येणारा रुपया आज रुपयाचा नसतो, म्हणून लांबच्या वर्षांचे पैसे जास्त कापायचे. उरलेल्यात कंपनीची रोकड मिळवायची, कर्ज वजा करायचं. ही कंपनीची निव्वळ मालमत्ता. बाजार सगळ्या शेअरांचे मिळून जेवढे मोजतो, त्याला हिने भागायचं. उत्तर एकाच्या खाली आलं तर शेअर स्वस्त असण्याची शक्यता, वर आलं तर महाग. "उत्तर स्वस्त दिसलं की आधी आपलीच चूक शोधायची," असं त्या म्हणत.

एका कंपनीचं उत्तर मला ०.६७ मिळालं. खाणीची किंमत हजार कोटी, रोकड वजा जाता कर्ज शंभर, सगळ्या शेअरांचा बाजारभाव सहाशे. मी हरखून गेलो. मॅडमच्या आईचं त्या आठवड्यात ऑपरेशन होतं. माझ्यावर भरवसा ठेवून त्यांनी अहवालावर सही केली. एका फंडानं शेअर घेतले.

महिन्याभरानं कंपनीचा अहवाल चाळताना मला एक तळटीप दिसली. खाणीत कंपनीचा वाटा साठ टक्केच होता, बाकीचा भागीदाराचा. म्हणजे खाणीचे सहाशे, कर्ज जाऊन पाचशे. सहाशेला पाचशेनं भागलं की १.२. स्वस्त म्हणून आम्ही महाग वस्तू विकत घ्यायला लावली होती. आमच्या सातबाऱ्यावर काकांचंही नाव आहे, हे मला लहानपणापासून पाठ. अर्धी बाग आपली नाही हे मला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. स्वतःचीच लाज वाटली.

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी फंडाला कळवलं, पण शेअर तोवर बराच उतरला होता. मीटिंगमध्ये ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, हे गणित कुणाचं. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. मॅडम म्हणाल्या, "सही माझी आहे."

त्यांना राजीनामा द्यावा लागला. आईची औषधं चालू होती, हे मला माहीत होतं. निघताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी वाटा आधी बघ."

आता त्यांच्या खुर्चीत मी बसतो. प्रत्येक खाणीत कंपनीचा वाटा किती, हे मी सगळ्यात आधी तपासतो. त्या चुकीत माझा वाटा किती होता, ते मात्र साहेबांना मी अजून सांगितलेलं नाही.