अठराच्या जागी सतरा

मी बी.एस्सी. झालो तेव्हा आमच्या खानदानात दहावीच्या पुढे गेलेलं दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे फिजिक्स म्हणजे नक्की काय, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी आपापल्या सोयीने ठरवून टाकलं. शेजारच्या काकूंचा मिक्सर बिघडला की मला हाक. कुणाचा रेडिओ खरखरला की मला हाक. आई म्हणायची, "एवढं सायन्स केलंस, तर बघ की जरा." मी मिक्सरकडे गंभीर चेहऱ्याने बघायचो आणि म्हणायचो, "दुकानात न्यावा लागेल." तेवढ्यानेही माझा मान वाढायचा.

माझे वडील, आबा, अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत हेल्पर होते. त्यांचे साहेब बदलापूरला, कात्रपला राहायचे. साहेबांच्या मनगटावर सोनेरी केसचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, घड्याळ होतं, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. त्याच्या पट्ट्याची पिन सारखी निसटायची. एकदा ते बेसिनमध्ये पडता पडता वाचलं. साहेब वैतागून काहीतरी बोलले आणि आबा, ज्यांनी आयुष्यात घड्याळ वापरलं नव्हतं, पटकन म्हणाले, "द्या इकडे साहेब. आमचा मुलगा फिजिक्सवाला आहे."

साहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी घड्याळ काढून दिलं आणि आबांना बजावलं, "मामा, केसवर ओरखडा पडला तर बायको मला घरात घेणार नाही."

संध्याकाळी आबांनी ते रुमालातून काढून माझ्यासमोर ठेवलं. मी आधी माझ्या जुन्या घड्याळावर सराव केला. कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने पिन दाबायला गेलो, टोक सटकलं आणि माझ्या घड्याळाच्या केसवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चकचकीत रेघ उमटली. न्यूटनचे तिन्ही नियम मला तोंडपाठ होते. त्यांतला एकही कामी आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांचं घड्याळ घेऊन गुपचूप उल्हासनगर कॅम्प एकला गेलो. तिथे एका जिन्याखाली, काचेच्या पेटीमागे एक सिंधी काका घड्याळं दुरुस्त करत बसायचे. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पिन बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"ये देखो. जागा अठराची, पिन सतराची. किसी ने घाई में डाल दी."

पिन म्हणजे बारीक नळी, आत स्प्रिंग, दोन्हीकडे सुईसारखी टोकं. केसच्या कोपऱ्यांना आतून छिद्रं असतात, त्यांत ती टोकं घुसतात. पिन एक मिलिमीटरने आखूड, म्हणून टोकं जेमतेम पोहोचत होती. जरा हिसका बसला की बाहेर. काकांनी अठराची पिन अर्ध्या मिनिटात बसवली आणि मी घड्याळ घेऊन पळालो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण आबांनी साहेबांना सांगितलं, "मुलाने बसवली."

साहेबांनी भिंगाने केस तपासली म्हणे. एकही ओरखडा नाही. ते इतके खूश झाले की म्हणाले, "मामा, लॅबमध्ये एक जागा निघतेय. असा सुबक हात पाहिजे मला. पुढच्या रविवारी मुलाला घेऊन घरी या. सासऱ्यांच्या घड्याळाचीही तीच तक्रार आहे. माझ्यासमोर बसवू दे, मलाही बघायचंय."

आबांनी हे मला पेढा देत सांगितलं. मी पेढा न खाताच खिशात टाकला.

सोमवारी सकाळी मी पुन्हा जिन्याखाली हजर. सगळी हकिकत ऐकून काका इतके हसले की भिंग डोळ्यावरून गळून पडलं. "बी.एस्सी. को पिन नहीं आती! और बाप ने नौकरी भी पक्की कर दी?" मग त्यांनी एक मेलेलं घड्याळ आणि टोकाला छोटीशी खाच असलेलं हत्यार माझ्या हातात दिलं. "बैठ, साईं. शनिवार तक टाइम है."

रोज दुपारी मी बसत होतो. काकांची शिकवण्याची पद्धत म्हणजे टोमणे. मी हत्यार केसवर टेकवून जोर लावला की ते म्हणायचे, "कुदळ चलाता है क्या? जोर पिन पे, केस पे नहीं." आधी कोपऱ्यांवर आतून-बाहेरून चिकटपट्टी लावायची. घड्याळ मऊ फडक्यावर पालथं. पिन पट्ट्यात घालून एक टोक एका छिद्रात नीट बसवायचं. मग दुसऱ्या टोकाजवळच्या कडेला खाच अडकवून पिन आत, स्वतःच्याच लांबीत दाबायची, आणि दाबलेलीच ठेवून कोपऱ्याच्या आत सरकवायची. छिद्र आलं की ती आपोआप उघडते. 'टिक' असा बारीक आवाज येतो. तो आला तरी विश्वास ठेवायचा नाही, पट्टा ओढून बघायचा.

शनिवारपर्यंत ते मेलेलं घड्याळ मांजराने नखं घासल्यासारखं झालं होतं. पण शेवटच्या दहा वेळा पट्टीखाली नवी रेघ उमटली नाही. काकांनी हत्यार आणि अठराच्या दोन पिना कागदात बांधून दिल्या. "एक लगाने को, एक उड़ाने को."

रविवारी कात्रपच्या त्या हॉलमध्ये साहेब, त्यांच्या बाईसाहेब, कान जड असलेले सासरे आणि खुर्चीच्या कडेवर टेकलेले आबा, असे सगळे माझ्या बोटांकडे बघत होते. समोर चहा आणि चिवडा. सासऱ्यांचं घड्याळही अठराचंच निघालं. मी पट्टी लावली, पिनेचं एक टोक बसवलं, दुसरं दाबलं. हत्याराची खाच सटकली आणि पिन उडाली.

मग बाईसाहेब म्हणाल्या, "चिवड्यात गेली."

"काय गेली?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांचं तोंड तेव्हा चालू होतं.

"बाबा, चावू नका." साहेब उठलेच.

सासऱ्यांनी तोंडातला घास जिभेने नीट चाचपला आणि गिळला. "शेंगदाणा होता," ते शांतपणे म्हणाले.

बाईसाहेबांनी अख्खा चिवडा परातीत ओतून बोटांनी चाळायला घेतला. आबा माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मी कागदातून दुसरी पिन काढली. या वेळी वर दुसऱ्या हाताचा अंगठा धरला. दाबली, सरकवली. टिक. पट्टा ओढला. सासऱ्यांना पटेना, त्यांनी घड्याळ माझ्याकडून घेऊन दोन्ही हातांनी पट्ट्याला असा हिसका दिला की माझेच डोळे मिटले. पिन जागची हलली नाही. साहेबांनी चिकटपट्टी सोलली आणि भिंग लावलं. केस स्वच्छ होती.

"छान," साहेब म्हणाले. "कुठे शिकलास रे हे?"

"कॉलेजात," आबा म्हणाले.

मला तो चिवडा, ती परात, बाईसाहेबांची तेलकट बोटं दिसत होती. एवढ्या चांगल्या माणसांच्या घरी बसून आणखी एक थाप मला झेपेना. "साहेब, तुमचं घड्याळ मी नव्हतं बसवलं. कॅम्प एकच्या एका काकांनी बसवलं. नंतर त्यांच्याकडेच हे शिकलो. आजचं मात्र माझं."

साहेबांनी आबांकडे पाहिलं. आबा पुन्हा कॅलेंडरकडे.

"किती दिवस शिकलास?"

"सोमवार ते शनिवार."

"एका पिनेसाठी?" साहेबांना हसू आवरेना. "लॅबमध्ये काही उडालं, तर असंच सांगशील ना मला?"

"हो, साहेब."

"मग उद्या सर्टिफिकेटं घेऊन ये. कंपनीतली चाचणी वेगळी असते, ती मी देणार नाही, तूच द्यायचीस."

चाचणी मी दिली आणि ती नोकरी मला मिळाली. पण त्या दिवशी ते काहीच ठाऊक नव्हतं. परतीच्या वाटेवर आबा चौकापर्यंत माझ्या पुढे पुढे चालले. मग पानाच्या टपरीशी थांबले.

"सांगायची काय गरज होती?"

"खोटं होतं ना, आबा."

"आज त्यांच्यासमोर पिन तूच बसवलीस ना?"

"हो."

"मग मी खोटं कुठे बोललो?" आबा चुना मळत म्हणाले. "आठवडाभर आधी बोललो, एवढंच."