श्रावणात ऐकलेला वैशाख

पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा तो एकसंध, दाट नाद आधी ऐकू आला आणि त्याच्या आडून सोनीचा आवाज. शहागडला दिलेली माझी भाची, भावाची मुलगी. नात्यातल्या बायकांच्या ग्रुपवर तिनं पंचमीची ओवी पाठवली होती:

*वैशाखाचं गं ऊन, अंगणात मावंना,*
*सांगू कुणापाशी बाई, झाड सावली देईना.*

बाहेर श्रावण कोसळत होता आणि माझी पोर वैशाख गात होती. मी ती ओवी पुन्हा लावून ऐकली आणि घाबरले.

तुम्ही म्हणाल, एका ओवीनं एवढं घाबरायचं? पण आपल्या गाण्यांतले ऋतू हवामान सांगायला कधी आले आहेत? भावगीत असो, लावणी असो की जात्यावरची ओवी, ज्या गोष्टी तोंडानं उच्चारायची सोय नाही, त्या आपण ऋतूंवर सोपवून मोकळे होतो. पालवी म्हटली की आशा, पानगळ म्हटली की ताटातूट, शरदाचं चांदणं म्हटलं की जवळ आलेलं माणूस. पावसाचं तर दुहेरी काम! ढग दूर डोंगरावर दाटले असतील तर ती वाट पाहणं, सरी अंगावर आल्या की ती भेट. गाणारी फक्त महिना सांगते, उरलेलं ऐकणारीनं जाणायचं असतं. मराठवाड्यातला पाऊस आम्हाला किती वेळा हूल देऊन गेला, पण गाण्यातला श्रावण काही कोरडा गेला नाही. कारण तो आभाळातून येतच नाही, तो माहेराहून येतो. श्रावण म्हणजे लिंबाला बांधलेला झोका आणि बहिणीला न्यायला आलेला भाऊ, म्हणजे मुराळी. आणि वैशाख म्हणजे सासरचा जाच. सासू शेजारी बसलेली असतानाही सून तो गाऊ शकते, कारण गाण्यातल्या उन्हाचा जाब सहसा कुणी विचारत नाही.

ग्रुपवर मात्र कौतुकाचे हात जोडले जात होते. खुद्द वहिनीनं, म्हणजे सोनीच्या आईनं लिहिलं, "आवाज लई गोड लागला. पण पावसात वैशाख कुठून आणलास गं?" मी तिला फोन लावला.

"पोरीशी बोललीस का?"

"बोलल्ते की. बरी हाय म्हणली. तुम्ही उगं जिवाला घोर लावून घेऊन राह्यल्या."

सोनीच्या भावाला यंदा रजा मिळाली नव्हती, त्यामुळे पंचमीला तिला आणायला कुणी गेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मंठ्याहून बस धरली. वाटेत जालन्याला गाडी बदलली. आपण फार उशीर तर केला नाही ना, हा एकच विचार मनात घर करून बसला होता.

सोनी दारात आली. हसली. पण "कशी आहेस?" या साध्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी तिनं उंबऱ्याशी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग म्हणाली, "बरी हाय." त्या एका नजरेची मला जेवढी भीती वाटली, तेवढी कुठल्या शिवीगाळीचीही वाटली नसती.

चहा झाला. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "दिवसभर गुणगुणत असती. म्हण की गं एखादं, आत्याला ऐकू दे. अन् ते उन्हाचं नको, जरा पावसाचं म्हण."

सोनीनं मान खाली घातली आणि गायली:

*श्रावणाच्या गं सरी, लिंबाखाली झोका,*
*बंधू येईल नेयाला, बाई वाट नका रोखा.*

"असं म्हणावं बघ!" सासूबाई खूश झाल्या. त्यांना पाऊस ऐकू आला होता. मला त्या श्रावणातली विनवणी ऐकू आली. मी उठले आणि आवाज शक्य तितका साधा ठेवला. "विहीणबाई, भावाला रजा न्हाई, तर यंदाचा मुराळी मीच. श्रावण सरायच्या आत पोर घेऊन जाते."

"आता कशाला? पंचमी तर होऊन गेली."

"महिना अजून बाकी हाय."

शेजारच्या दोघी-तिघी ओसरीवर जमल्या होत्या आणि श्रावणात आलेल्या मुराळ्याला चारचौघींसमोर रिकाम्या हातानं परत पाठवणं आमच्याकडे अजून तरी सोपं नाही. सोनीनं पिशवी भरली. चप्पल घालतानाही ती मागे वळून पाहत होती.

बस शहागडच्या बाहेर पडल्यावर ती पहिल्यांदा आपणहून बोलली. "आत्या, तुला वैशाख ऐकू आला."

"आला गं. तुझ्या आईला मात्र समजला न्हाई."

तिनं तोंड काचेकडे फिरवलं. "आईला पहिल्याच दिवशी समजल्ता," ती म्हणाली. "तिचा फोन आल्ता. म्हणली, गाणं बदल."

मंठ्याला उतरल्यावर मी तिला वहिनीच्या घराकडे नेलं नाही. माझ्या घरी आणलं आणि आतून कडी लावून घेतली.