फोनचा उंच बार

सरांनी फाईल देताना तीनदा सांगितलं की हा नमुना डेटा आहे, म्हणून तो नमुना नसणार हे मी तिथंच ओळखलं. एकदा सांगितलं असतं तर विश्वास बसला असता. माझा स्वभावच तसा आहे. भाजीवाल्यानं काटा पुसला तरी मला वाटतं, आता का पुसला?

मी बारामतीच्या कॉलेजात बीबीएच्या शेवटच्या वर्षाला होतो. निमगाव केतकीहून रोज एसटीनं जायचो. असाइनमेंट जोडीनं करायची होती आणि माझी जोडीदार इंदापूरची होती. हुशार, बोलायला कमी, आणि विचारलं तेवढ्यालाच उत्तर देणारी. अशा माणसांचा मला जास्तच संशय येतो.

डेटा एका रोपवाटिकेच्या प्रचाराचा होता. डाळिंबाची आणि पेरूची रोपं खपवायला त्यांनी तीन वाटा धरल्या होत्या. काहींना फोन केले, काहींना व्हॉट्सअॅपवर मेसेज पाठवला आणि आठवडी बाजारात स्टॉल लावून येणाऱ्यांचे नंबर लिहून घेतले. एका ओळीत एक माणूस, त्याच्यापुढे गाव, माध्यम, खरेदी केली की नाही आणि एक शेरा. सरांची मागणी सरळ होती. आधी प्रश्न लिहा, मग चार्ट काढा, मग मालकाला काय करायला सांगाल ते एका पानावर लिहा. आणि मालक म्हणून कुणीतरी ऐकायला येणार होतं. नमुना डेटाला मालक कुठला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आमचा प्रश्न ठरला : पुढच्या हंगामात कोणत्या माध्यमावर भर द्यावा? सरांची फाईल जोडीदाराकडं होती. तिनं मला तिची प्रत पाठवली आणि सोबत तयार चार्टही. प्रत्येक माध्यमातल्या किती टक्के लोकांनी रोपं घेतली, त्याचे तीन बार. मेसेज आणि स्टॉल बुटके, फोनचा बार त्यांच्या डोक्यावरून वर गेलेला. खाली तिनं शिफारसही लिहून टाकली होती : फोन करणाऱ्या मुली वाढवा.

इतकं सोपं? सर इतके सोपे कधीच नव्हते. मी एसटीत लॅपटॉप मांडीवर घेऊन ती फाईल वरखाली केली. रकान्यांची अक्षरं बघितली. ए, बी, सी, डी आणि एकदम एफ. मधला ई गायब. रकाना पुसला असता तर पुढची अक्षरं आपोआप सरकली असती. म्हणजे तो पुसला नव्हता, लपवला होता. डी आणि एफ दोन्ही निवडून मी तो उघडला. वर लिहिलं होतं : आधीचा ग्राहक.

फोनवाल्यांवर फिल्टर लावला. सगळीकडं ‘हो’. एकही ‘नाही’ नाही. फोन फक्त जुन्या गिऱ्हाइकांना केले होते. जो गेल्या साली रोपं घेऊन गेला, बाग जगवली, तो पुन्हा घेणारच की. मेसेज आणि स्टॉलची माणसं बहुतेक नवी. म्हणजे तो उंच बार फोनचा होता की जुन्या ओळखीचा, हे त्या चार्टवरून कळतच नव्हतं. मेसेजवाल्यांत मूठभर जुने होते, त्यांनीही साधारण तेवढ्याच प्रमाणात रोपं घेतली होती. पण मूठभरांवरून काय ठरवणार?

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चोर सापडल्याचा आनंद. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी लॅपटॉप तिच्यापुढं फिरवला.

“हा रकाना कुणी लपवला?”

तिनं बघितलं आणि चहा बाजूला सारला. “मी.”

“का?”

“शेरे वाचलेस का तू? ‘जेवत होते, परत लावते.’ ‘मोटर चालू करायला गेलेत, सांजच्याला करते.’ हे लिवणं माझ्या बहिणीचं हाय. तिथं तिघी फोन करत्यात, त्यातली ती एक. मालक सरांचे पाव्हणे हायत. नावं काढून टाकली आणि झाला नमुना.”

मग तिनं बाकीचंही सांगितलं. फोनचा उपयोग होतो का, यावर मालकाच्या घरात वाद चालला होता. आमच्यासारख्यांची पानं बघून तो पोरी ठेवायच्या की काढायच्या ते ठरवणार होता. बहिणीला नवऱ्याघरून परत आल्यावर लागलेलं हे पहिलं काम होतं, आणि ते सुटलं तर तिला परत तिकडं धाडायला घरचे टपलेलेच होते.

मला आधी वाटलं, रचून सांगतेय. पण शेरे कुणी रचत नाही. “तरी रकाना दाखवायचाच,” मी म्हणालो. तिनं बाजूला सारलेला चहा परत पुढं ओढला. मग म्हणाली, “दाखव. पण फोन फुकट हायत असं लिहायचं न्हाय. तेबी ह्या डेटात न्हाय.”

हे तिचं खरं होतं. आम्ही लिहिलं : या डेटावरून फोनचा उपयोग ठरत नाही. जुन्या ग्राहकांची सोडत काढा, अर्ध्यांना फोन करा, अर्ध्यांना करू नका, मग खरेदी ताडून बघा आणि त्यानंतरच ठरवा.

मालक आला, पांढरा शर्ट, हातात दोन मोबाईल. शेवटच्या बाकावर बसून त्यानं सगळं नीट ऐकलं आणि मान डोलावली. “ब्येस. म्हंजी निम्मे फोन बंद. मग तीन पोरी कशाला? दोघीत भागतंय की.”

आमच्या खरेपणानंच एक पोरगी घरी चालली होती.

जोडीदार उठली. “काका, नव्या माणसांना तुमी फोन केलाच न्हाय. त्यांच्यावर फोनचा उपयोग होतो का, हे तर अजून बघितलंच न्हाय. स्टॉलवर नंबर देणाऱ्यांचीबी सोडत काढा. जुन्यांचे वाचलेले फोन तिकडं लावा. माणसं तेवढीच लागतील.”

मालकानं सरांकडं बघितलं. सर म्हणाले, बरोबर आहे. “बरं, ह्या हंगामापुरतं,” तो म्हणाला. मी तिच्या बोलण्यात खोट शोधत राहिलो. बहिणीसाठी बोलत होती हे उघड होतं, तरी खोट सापडली नाही.

महिन्याभरानं आम्ही घरी जेवत होतो. तात्यांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, मोबाईल वाजला, त्यांनी स्पीकरवर टाकला. रोपवाटिकेचं नाव कानावर आलं आणि माझा घास तोंडातच राहिला. तात्यांनी बाजारात कधीतरी नंबर दिला होता, सोडतीत आमचं घर निघालं होतं. आवाज जोडीदाराच्या आवाजासारखाच, थोडा जाड. तिची बहीणच असणार. ती पेरूच्या रोपांचं मन लावून सांगत होती, घाई न करता.

तात्यांनी मोबाईलवर हात धरला आणि मला विचारलं, “तू शिकलेला हायस. घ्यायची का रं?”

हो म्हटलं असतं तर त्यांनी घेतली असती. पण मग ती खरेदी तिच्या फोनमुळं झाली नसती, माझ्यामुळं झाली असती. रकान्यात मात्र तिच्या नावावर ‘हो’ पडलं असतं, आणि ते खोटं आहे हे एकट्या मलाच ठाऊक असतं.

“तुमचं तुमी ठरवा,” मी म्हणालो.

“यंदा न्हाय बाई,” तात्या फोनवर म्हणाले. “ऊसच हाय यंदा.”

“बरं काका,” ती म्हणाली. तिनं फोन लगेच ठेवला नाही. पलीकडून कीबोर्डचा आवाज आला, आमच्या नावापुढं ती ‘नाही’ लिहीत होती. मी योग्य तेच केलं होतं, आणि मला स्वतःचा इतका राग आला की पुढची भाकरी मी घेतलीच नाही.