अंगठ्याची चौकट

कागदावर किती जागा आहे यावरून माणसं एकमेकांचे गळे धरतात, यावर आशाचा पूर्वी विश्वास बसला नसता. नोकरीला लागून दहा वर्षं झाली, तेव्हा तिला दुसऱ्या कशावर विश्वास ठेवायचीच सवय उरली नव्हती.

आशा राहायची नाशिकरोडला. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामगार. मुलीनं टायपिंग केलं, मग कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि त्र्याण्णव साली ती अंबडच्या एका कोंबडीखाद्य कंपनीत टायपिस्ट म्हणून चिकटली. कंपनी मोठी होत गेली तसं आशाचं काम बदलत गेलं, पगार मात्र जरा सावकाश बदलला. बिलं, चलनं, पावत्या, जे काही कंपनीच्या नावानं छापून बाहेर पडायचं ते आधी आशाच्या टेबलावरून जायचं. कॉलम कुठून सुरू होतो, एका ओळीत किती अक्षरं मावतात, प्रिंटरचं डोकं कुठे अडखळतं, हे तिला तोंडपाठ. हिशेबवाल्यांना कर मोठ्या अक्षरात हवा, विक्रीवाल्यांना कंपनीचं चिन्ह मोठं हवं, मालकांना सगळंच मोठं हवं, आणि कागद तेवढाच. आशा सगळ्यांचं ऐकायची, मान हलवायची आणि पट्टी घेऊन बसायची.

दोन हजार तीनमध्ये कंपनीत ईआरपी आलं. खरेदी, गोदाम, विक्री, हिशेब, सगळं एकाच प्रणालीत. मुंबईहून सल्लागार आले, टाय बांधलेले, एसी नाही म्हणून हैराण झालेले. त्यांच्याकडे बिलाचा आणि चलनाचा तयार नमुना होता, अथपासून इतिपर्यंत इंग्रजी. आशाच्या साहेबांनी, मनोज सरांनी, तो तिच्यापुढे टाकला आणि म्हणाले, "आशा, ह्याला जरा मराठी करून दे. आपला माल पेठ-सुरगाण्याला जातो, तिकडे इंग्रजी कोण वाचणार?"

जरा मराठी. आशाला त्या 'जरा'चा अर्थ ठाऊक होता.

चलन सुईच्या प्रिंटरवर निघायचं, कारण एकाच फटक्यात तीन प्रती हव्या होत्या. वरची पांढरी माल घेणाऱ्याला, मधली गुलाबी कंपनीत परत, खालची पिवळी गाडीवाल्याला. त्या प्रिंटरला स्वतःची अक्षरं होती ती इंग्रजी. मराठी त्याच्याकडून चित्रासारखी काढून घ्यावी लागायची, आणि मग एक चलन निघेस्तोवर गेटवर गाड्यांची रांग लागायची. शिवाय प्रणालीच्या पोटात देवनागरी राहतच नव्हती. गावाचं नाव मराठीत टाकलं की बाहेर प्रश्नचिन्हं यायची.

तेव्हा आशानं मधला रस्ता काढला. जे बदलत नाही ते सगळं मराठी आणि इंग्रजीत आधीच प्रेसमधून छापून घ्यायचं, आणि जे बदलतं, म्हणजे नाव, गाव, मालाचा आकडा, ते प्रिंटरनं इंग्रजीत त्या छापील चौकटींत टाकायचं. सल्लागारांना हे जुनाट वाटलं, पण त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. प्रेसला फाइल पाठवली तर त्यांच्या कॉम्प्युटरवर तिचा फॉन्टच नव्हता. 'माल मिळाला' उघडलं की पडद्यावर कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा. शेवटी तिनं अक्षरांच्या रेषाच करून पाठवल्या, म्हणजे फॉन्ट नसला तरी बिघडायला नको. मग वरच्या वेलांट्या चौकटीच्या रेघेला घासायला लागल्या आणि खालचे उकार कापले जायला लागले, कारण ओळीची उंची इंग्रजीच्या मापाची होती. तिनं मथळ्याच्या ओळी उंच केल्या. त्या उंच झाल्या तशी खालून जागा कमी झाली. मालाच्या ओळी कमी करायला विक्रीवाले तयार नव्हते. मग कात्री लागली ती तळाला. 'वरील माल चांगल्या स्थितीत मिळाला' एवढं दोन्ही भाषांत लिहून पुढे सहीसाठी एक ओळ राहिली, बोटभरही उंच नसलेली. सही करायला तेवढी पुरते, सगळ्यांनी मान डोलावली. सगळ्यांनी मान डोलावली की आशाला हायसं वाटायचं. प्रेसनं त्या कागदाच्या पेट्या इतक्या पाठवल्या, की गोदामाच्या एका कोपऱ्यात छताला टेकल्या.

सहादू आला तो त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. पेठकडचा, कंत्राटदाराच्या गाडीवर ड्रायव्हर. डोंगरातल्या कोंबड्यांच्या शेडवर खाद्याची पोती पोचवायचं काम त्याच्याकडे, कारण त्या घाटात दुसरं कुणी जायला राजी नसायचं. आशाच्या टेबलापाशी तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"ताई, माझ्या गाडीच्या नावानं काय लिवलंय कॉम्प्युटरात? साहेब म्हनत्यात, माल पोचलाच नाय."

आशानं पडद्यावर बघितलं. गुलाबी प्रत सहीनिशी परत आली की गेटवरचा कारकून ती प्रणालीत नोंदवायचा आणि चलन बंद व्हायचं. सही नसली की चलन उघडंच राहायचं, आणि त्यापुढे एक शब्द दिसायचा, त्याचा अर्थ 'वाटेत'. सहादूच्या गाडीपुढे पानभर 'वाटेत' होतं. दुसऱ्या गाड्यांपुढे एखाददुसरं.

"तुम्ही सही घेत नाही का, सहादूभाऊ?"

"घेतो की. आंगठा घेतो. सुलाबाईच्या शेडवर, ठमाबाईच्या शेडवर, समद्यांचा घेतला. तिकडं सही कोन करतंय?"

तो गेल्यावर आशानं कोऱ्या चलनाचा एक संच काढला. शाईचा पॅड पुढे ओढला, स्वतःचा अंगठा टेकवला आणि त्या बारीक ओळीवर दाबला. अंगठा ओळीत मावला नाही, वरच्या एकूण पोत्यांच्या आकड्यावर चढला. मग तिनं पांढरा कागद उचलला. खाली गुलाबी प्रत स्वच्छ, डागसुद्धा नाही.

सही खाली उतरते, कारण पेन टोचतं. अंगठा टोचत नाही.

जुन्या चलनबुकात प्रत्येक पानावर एक गोल छापलेला असायचा. माणसं पान उलटून उलटून अंगठा द्यायची, कुणाला सांगावं लागायचं नाही. तो गोल आशाला चांगला आठवत होता. नव्या कागदावर तो घालायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. तिची आई शकुबाई रेशनच्या दुकानात आणि पोस्टात आयुष्यभर अंगठाच देत आली होती, घरी येऊन पदराला निळं बोट पुसत आली होती. त्या आईच्या लेकीनं सहीला ओळ ठेवली आणि अंगठ्याला जागाच ठेवली नाही. आशाला स्वतःची लाज वाटली, आणि थकवाही इतका आला, की अंगठ्याची शाई पुसायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

तशीच ती मनोज सरांकडे गेली. अंगठा दाखवला, कागद दाखवला. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"पटलं मला. चौकट घालू आपण. पण पुढच्या छपाईला. गोदामात पेट्या बघितल्यास ना? ते सगळं रद्दीत घालू म्हणून मालकांना कोण सांगणार?"

"तोपर्यंत सहादूचं काय?"

"मी बोलतो कंत्राटदाराशी."

आशानं रबरी शिक्का करून घेतला, 'प्रत्येक प्रतीवर अंगठा घ्या'. पण शिक्का तरी कुठे मारणार? मोकळी जागा समासातच, तिथे प्रिंटरनं कागद ओढायची भोकं. गेटवरच्या कारकुनानं चार दिवस मारला, मग गर्दीत सोडून दिला. तिनं सहादूला गाठून सांगितलं, की कागद उलटून प्रत्येकावर अंगठा घ्या. तो घ्यायला लागला. त्याच्या नव्या फेऱ्यांची चलनं बंद व्हायला लागली. जुनी मात्र तशीच उघडी राहिली. पांढऱ्या प्रती डोंगरातल्या घराघरांत होत्या, काही आढ्याला खोचलेल्या, काही चुलीत गेलेल्या. महिन्याच्या अहवालात ती उघडी चलनं पुन्हा वर आली. मालकांनी अहवाल बघितला, त्यातला आकडा बघितला, आणि तो कुणामुळे आलाय हे बघायला त्यांना वेळ नव्हता. मनोज सर कंत्राटदाराशी बोलले. कंत्राटदार 'हो हो' म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात त्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर दिसला.

आशानं कुणाशी भांडण केलं नाही. भांडायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. तिनं फक्त पुढच्या छपाईचा नमुना आतापासूनच करून ठेवला. मालाच्या ओळी कमी केल्या, विक्रीवाले ओरडले, तिनं ओरडू दिलं. मालकांच्या आवडीचं कंपनीचं चिन्ह लहान केलं आणि ते कुणाच्या लक्षात येईपर्यंत गप्प बसली. तळाला उजव्या कोपऱ्यात एक ऐसपैस चौकट काढली, तिच्यावर 'सही किंवा अंगठा', आणि खाली ठळक, 'तिन्ही प्रतींवर'. चौकटीचं माप तिनं आईच्या अंगठ्यावरून घेतलं. शकुबाईनं विचारलं, "कशाला गं?" आशा म्हणाली, "ऑफिसचं काम आहे." ते खरंच होतं.

पेट्या संपल्या, नवा कागद आला. डोंगरातून गुलाबी प्रती निळे-जांभळे अंगठे घेऊन परत यायला लागल्या. मुंबईच्या सल्लागारांनी फोनवर म्हणे कौतुक केलं, आणि तो नमुना दुसऱ्या कुठल्या कंपनीलाही दिला. आशाला त्यात काही वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षी श्रावणात गेटवरचा कारकून रजेवर होता म्हणून गुलाबी गठ्ठा तिच्याकडे आला. एकेक प्रत उचलायची, चौकटीत खूण आहे का बघायची, चलन बंद करायचं. पेठकडच्या एका नव्या शेडची प्रत हातात आली. चौकट जवळजवळ कोरी होती. आशानं डोळे चोळले आणि कागद जवळ धरला. चौकटीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, सावकाश गिरवलेली सही होती. सहादू.

माल घेणाऱ्याच्या जागी प्रिंटरनं इंग्रजीत त्याचंच पूर्ण नाव छापलं होतं. म्हणजे गाडी सुटली, आणि त्यानं गावात कोंबड्यांची शेड घातली. लिहिता येत होतं त्याला. आपल्याला काय तेवढीच जागा लागते म्हणून तो कोपऱ्यात सरकून बसला होता, बाकीची चौकट मागून येणाऱ्या कुणासाठी सोडल्यासारखी.

आशानं ते चलन बंद केलं. मग, करायला नको होतं तरी, तिनं त्याच्या जुन्या गाडीचा नंबर टाकला. पानभर यादी उघडली. सुलाबाईचं खाद्य, ठमाबाईचं खाद्य, कधीच खाऊन संपलेलं, त्या कोंबड्याही विकल्या गेलेल्या. प्रणालीच्या लेखी ती सगळी पोती अजून घाटातच होती. चलन बंद करायला प्रणाली पुरावा मागत होती, आणि पुरावा आशाकडे नव्हता. होती ती फक्त ही एक बारीक सही, आणि ती दुसऱ्याच चलनावर.

दुपारी मनोज सर टेबलाशी आले. हातात नवा नमुना होता. "आशा, ही खालची चौकट केवढी मोठी आहे गं. निम्मी केली तर कंपनीची जाहिरात बसेल."

आशानं गुलाबी प्रत त्यांच्यापुढे सरकवली नाही. दाखवून काय सांगणार होती? त्यात तर सही इवलीशी होती, त्यांचंच म्हणणं खरं ठरलं असतं.

"नाही बसणार सर," ती म्हणाली, आणि पुढची प्रत उचलली.