सुतारकाकांचं एक उत्तर

आमच्या सुतारकाकांना फोन वापरायचा कंटाळा. दिवसभर तो खिशात पडून असायचा. संध्याकाळी हात धुतले की चष्मा लावून बसायचे आणि ग्रुपवरच्या मेसेजेसना एका बोटाने एकेक करून उत्तर द्यायचे. ज्या मेसेजचं उत्तर, तोच मेसेज ओढून त्याच्याखाली. भाचीने शिकवलं होतं. आमच्या सगळ्या इंजिनिअरांपेक्षा हा माणूस नीट वागायचा, आणि त्याचंच वाटोळं मी केलं.

मी बांधकाम कंपनीच्या ऑफिसात समन्वयक. म्हणजे सगळ्यांच्या मागे लागणारी बाई. दवाखान्याच्या दुरुस्तीचं काम चालू होतं, ग्रुपवर चार महिन्यांची बडबड साठली होती. अशात दवाखान्यातल्या आयाबाई जिन्यावरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. जिन्याला कठडाच नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांबरोबर बैठक ठरली. साहेब म्हणाले, "सगळा चॅट काढा आणि कोण काय करतो म्हणाला, त्याची यादी करा. काम, माणूस, तारीख."

मी नेहमी चौथा रकाना ठेवते, 'त्या माणसाला विचारून खात्री केली का'. साहेबांनी तो काढायला लावला. "डॉक्टरांना खात्री नको, नावं हवीत."

चॅट फाईलमध्ये काढला. फोटो न घेता, त्यामुळे फोटोच्या जागी नुसतं 'मीडिया वगळला'. दोन हजारांवर ओळी. 'बघतो', 'करू या', 'सांगतो' हे मी वचन धरत नाही. ज्यात माणूस आणि वेळ दोन्ही आहे, तेच घेते. 'उद्या' दिसला की मेसेजची तारीख बघून खरी तारीख लिहिते. या कामात माझा हात कुणी धरणार नाही, असा मला तोरा होता.

फाईलमध्ये हे होतं. आयाबाई पडायच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी सहा चाळीस, इंजिनिअर: 'जिन्याला तात्पुरता लाकडी कठडा उद्या लागायलाच हवा.' सहा बेचाळीस, सुतारकाका: 'हो, उद्या लावतो.'

लाकडी कठडा, सुतार, उद्या. मी लिहून टाकलं आणि पुढे गेले.

बैठकीत डॉक्टरांनी ती ओळ वाचली. साहेबांनी तिथल्या तिथे सुतारकाकांना कामावरून काढलं. काका बैठकीला नव्हतेच. सुतारांना कोण बोलावतं? त्यांना नुसता मेसेज गेला. अकरा वर्षं ते आमच्याकडे होते.

चार दिवसांनी मी दुसऱ्याच कामासाठी फोनवर तो ग्रुप उघडून वर सरकत गेले आणि त्या संध्याकाळपाशी थांबले. काकांच्या उत्तरावर दुसराच मेसेज चिकटलेला होता, सकाळचा अकराचा: 'वरच्या मजल्याच्या दारांना कड्या लावायच्या आहेत.' कोणत्या मेसेजला उत्तर दिलंय ते फाईलमध्ये येत नाही. हे मला माहीत होतं. माहीत होतं! दुसऱ्या दिवशी त्यांनी लावलेल्या कड्यांचा फोटोही होता, जो मी वगळला होता.

आणि कठड्याच्या मेसेजवर एक अंगठा होता. साहेबांचा. अंगठेही फाईलमध्ये येत नाहीत. इंजिनिअरला विचारलं तर तो म्हणाला, "साहेबांनी होकार दिला ना, मला वाटलं ते लाकूड पाठवून कुणाला तरी कामाला लावतायत."

मी फोन घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "यादी तुमची आहे. चूक होती असं डॉक्टरांना कळवायचं तर खुशाल कळवा. मग मलाही तुमच्याबद्दल विचार करावा लागेल."

त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी काकांच्या घरी गेले. ते दारातच रंधा मारत बसले होते. मला बघून उठले, आत बसवलं, पाणी दिलं.

"ताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," तेच म्हणाले. "तुमच्या यादीत आहे म्हणजे मी म्हटलं असणार. वयामुळे विसरलो. त्या आयाबाईंच्या घरी जाऊन पाया पडून आलो. तीन दिवस घास उतरला नाही."

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. कड्यांचा मेसेज वाचला, आपलं उत्तर वाचलं, मग अंगठा. पुन्हा वर जाऊन सगळं वाचलं.

"मग मी नाही," ते म्हणाले. आवाज इतका हलका झाला होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "मी नाहीच. डॉक्टरांना कळवलंत?"

"नाही."

"कळवणार आहात ना?"

घराचे हप्ते, मुलीची शाळा, सगळं तोंडापर्यंत आलं. मी पाण्याचा पेला उचलला आणि उत्तर त्यांना कळलं. मला माझीच किळस आली.

काकांनी चष्मा काढला आणि फोन माझ्यापुढे ठेवला.

"मग मला कशाला सांगितलंत?"