एकतीस वेळा ‘अप्रतिम गेम’

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणीही मोबाईलवर नवा गेम घ्यायचा म्हटलं, की फोन आधी माझ्या हातात येतो. माझा तोरा तसा होताच. चित्रकलेच्या बाई तर लेकीने गेम मागितला की मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी माझ्याकडे यायच्या.

मी त्यांना शिकवायची, “वरचे तारे बघू नका. रिव्ह्यू ‘नवीन आधी’ लावा. मग दोन-तीन तारेवाले वाचा, खरं काय ते तिथं असतं. कितव्या लेव्हलला अडकलं, जाहिराती किती येतात, असलं काही लिहिलेलं असलं तर माणूस खेळलेला आहे. नुसतं ‘छान, मस्त’, तेही एकाच दिवशी ढीगभर, तर समजायचं की गडबड आहे. आणि गाड्यांचा गेम तुमचे कॉन्टॅक्ट कशाला मागतोय, तेही बघा की!”

बाई वहीत लिहून घ्यायच्या. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्याच सुमारास माझ्या भाचीने, म्हणजे भावाच्या लेकीने, गेम बनवला. इंजिनिअरिंग झाल्यावर वर्षभर सोलापुरात, जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटमध्ये बसून एकटीने केलेला. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये वेड्यावाकड्या लावलेल्या स्कूटर सरकवायच्या आणि आपली बाहेर काढायची. पुण्याच्या एका गेम कंपनीत तिची मुलाखत होती आणि तिथं ती हाच गेम दाखवणार होती. स्टोअरवर तो आला त्या दिवशी माझा ऊर असा भरून आला, की मी लगेच आमच्या घरच्या ग्रुपवर हुकूम सोडला, “सगळ्यांनी डाउनलोड करा, पाच तारे द्या, आणि हे लिहा.”

आमच्या ग्रुपची एक रीत आहे. वाढदिवसाला एकजण शुभेच्छा लिहितो आणि बाकीचे तेच उचलून चिकटवतात, केकच्या चित्रासकट. इथंही तेच झालं. ‘अप्रतिम गेम. खूप छान. सर्वांनी खेळावा.’ हे माझं वाक्य संध्याकाळपर्यंत एकतीस जणांनी चिकटवलं. होटगीच्या काकांनी तर खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून सगळ्या घरादाराची नावं घातली. मी ग्रुपवर सगळ्यांना शाबासकी दिली.

पुढच्या आठवड्यात चित्रकलेच्या बाई फोन घेऊन आल्या. “मॅडम, हा स्कूटरचा गेम लेकीला हवाय. पण मीच बघितलं हो तुमच्यासारखं. एका दिवसात एकतीस, शब्द न् शब्द तोच. आणि हे बघा, शुभेच्छुक! पैसे देऊन लिहून घेतलेत. नको म्हटलं मी तिला.”

माझंच वाक्य, माझ्याच नियमाने पकडलेलं. त्यांना काही सांगायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी भाचीकडे गेले. ती लॅपटॉपसमोर बसली होती, डोळे सुजलेले. आदल्या दिवशीच मुलाखत झाली होती, आणि तिथं त्यांनी पहिला प्रश्न रिव्ह्यूंचाच विचारला होता. हे कुणी लिहिलं? ती खरं बोलली, घरच्यांनी. त्यावर समोरचे नुसते हसले. गेम त्यांनी उघडलासुद्धा नाही.

“अगं बाई,” मी म्हटलं, “आम्ही तुझ्या भल्यासाठीच—”

“आत्या, तू किती लेव्हल खेळलीस?”

मी खेळले नव्हते. उघडला होता, पाच तारे दिले होते, बंद केला होता.

“एकतीस जणांत एकही नाही खेळला,” ती म्हणाली. “कोण कुठवर गेलं ते मला इथं दिसतं. पहिल्या लेव्हलच्या पुढे तुमच्यातलं कुणी गेलंच नाही.”

लाज वाटली, अगदी मनापासून. परत येताना रिक्षातच मी माझा रिव्ह्यू काढून टाकला आणि ग्रुपवर लिहिलं, सगळ्यांनी काढा. यावेळी मात्र कुणी पटकन हललं नाही. होटगीच्या काकांना तर फोन करून समजावावं लागलं, आणि ते रागावले ते रागावलेच.

ते एकतीसही निघाल्यावर नऊ रिव्ह्यू उरले, सगळे परक्या माणसांचे. त्यातल्या तीन तारेवाल्या एकाने लिहिलं होतं, ‘बाराव्या लेव्हलला लाल स्कूटर भिंतीतून आरपार जाते.’

रविवारी चहा घेऊन मी खेळायला बसले. दुपारचं जेवण करपलं, पण बाराव्या लेव्हलला पोचले. लाल स्कूटर खरंच भिंतीतून गेली. मी भाचीला लगेच फोन लावला, “अगं, तो लाल स्कूटरवाला रिव्ह्यू खरा आहे! आणि सहाव्या लेव्हलला मागे जायचं बटण बोटाखाली येतं, चुकून दाबलं जातं.”

फोनवर मागे कीबोर्डचा आवाज येत होता, ती लिहून घेत असावी.

मग म्हणाली, “आत्या, हे मुलाखतीच्या आधी सांगितलं असतंस ना.”