कोर्टासमोरची शेवभाजी

आमचे हे, सोमेश्वर, एकदा कढईपुढं उभे राह्यले की जग थांबावं असं त्यांना वाटतं. हॉटेलात ते खपतं. अंबडच्या कोर्टासमोर खपत न्हाई, हे मी पहिल्याच हप्त्यात सांगितलं. पण बायकोचं ऐकलं तर मास्टर कसले!

सतराव्या वर्षी जालन्याच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागले. चार हजार पगार, दोन वेळचं जेवण, झोपायला गच्ची. दोन वर्षं नुसते कांदे कापले, मंग तंदूरवर पोळले, मंग संभाजीनगरच्या मोठ्या हॉटेलात भाजीची शेगडी मिळाली. सकाळी दहा ते चार, सांजच्याला सहा ते बारा. चौदा वर्षांनी पगार झाला बावीस हजार. आमची प्रांजली चार वर्षांची, पण बापाला ती झोपलेलीच दिसायची. म्हणून महिन्याची बिनपगारी सुट्टी काढून इथं कोर्टासमोर जेवणाचा गाळा घेतला. त्यांचे उस्ताद खुर्शीद मास्टर बोलले, "महिना भरल्यावरच्या सोमवारपर्यंत जागा ठेवतो. न्हाई आलास तर दुसरा आदमी घेईन."

या मास्टरांचीच शिकवण, की ऑर्डर आल्याबगर भाजीला फोडणी द्यायची न्हाई. आमच्या ह्यांनी ती देवाच्या शपथेसारखी धरलेली.

गुरुवार उजाडला. सोमवारला चारच दिवस राह्यलेले. कोर्टाला दोन वाजता सुट्टी झाली आन माणसं लोंढ्यानं आत आली. सुट्टी अर्धा-पाऊण तासाची. अकरा जणांनी शेवभाजी मागितली. हे एकेका कढईत कांदा परतून राह्यले, वाटण भाजून राह्यले, तेल सुटायची वाट बघून राह्यले. मी भाकरी थापून थापून ढीग लावला, पण भाकरीसंगं वाढू काय? माझं कपाळ?

"अहो, जल्दी करा!"

"कच्ची वाढू का, वर्षा?"

चौघांना ताट मिळालं. वकील लोक घड्याळ बघत उठले. कोपऱ्यात शहागडकडची एक म्हातारी बसल्ती, केशरबाई. जमिनीच्या दाव्याला पहाटेच्या गाडीनं आल्ती, पोटात नुसता चहा. तिचं ताट मी वाढायला उचललंच व्हतं, तेवढ्यात तिचा पुतण्या धावत आला. "काकू, पुकारा व्हईल आता, चला!" ती भाकरीचा तुकडा पदरात घेऊन गेली.

चार वाजता परत आली. तारीख पडल्ती, आन गाडी सुटायची व्हती. दारातूनच म्हणाली, "लेकरा, वास लई चांगला येतो तुझ्या भाजीचा. नशिबात असलं तर पुढच्या तारखेला खाईन."

ती गेली. मला राग आवरला न्हाई. "चौदा वर्षं शिकलात, आन उपाशी माणसाला उपाशीच धाडलं! ताजं म्हणजे ऑर्डरनंतरच का? दीड वाजता केलेलं दोनला शिळं व्हतंय व्हय?"

"तशी तर खानावळवालेबी करतेत," हे पुटपुटले.

"मंग खानावळच टाकलीय तुम्ही! न्हाई पटत तर सोमवारी जा. मी पोरीला घेऊन जालन्याला माहेरी जाते, तुम्ही रात्री-बेरात्री येऊन तिला परत झोपलेली बघा."

मी बोलून गेले आन माझंच काळीज चरकलं.

शुक्रवारी पहाटे पाचला मला भांड्यांचा आवाज आला. उठून बघते तर मोठं पातेलं चढलेलं. मटकीला मोड आलेले, वरण शिजत ठेवलेलं. दीड वाजता शेवभाजीचा रस्सा मंद आचेवर तयार, वर लाल तर्री. शेव मातर वेगळी ठेवली, ताट वाढताना टाकायची, म्हणजे गळत न्हाई. एवढा एक हट्ट त्यांनी सोडला न्हाई, आन तो बराबरच व्हता.

दोन वाजले. पहिलं ताट गेलं, दहावं गेलं. विसाव्याला भाकरी संपायला आली. ह्यांनी मला वाढायला धाडलं आन सोता परातीला बसले. हॉटेलातला मास्टर भाकरी थापतोय, लोक बघून राह्यले. पुकाऱ्याआधी चौतीस माणसं जेवून हात धुवून गेली. एकबी उपाशी उठला न्हाई.

हिशोब मला ठावा हाये. दोघं राबून, गाळ्याचं भाडं, गॅस, किराणा जाऊन सध्या पंधरा हजार सुटले तर नशीब. तिथं बावीस पक्के. आन त्या पंधरातच आमच्या दोघांच्या कष्टाचा पगार आला, वेगळा कुठं हाये? त्या सांजच्याला भांडी घासताना ह्यांचा फोन वाजला. खुर्शीद मास्टर व्हते. "सोमेश्वर, सोमवारी नऊला येतोयस ना?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. जा म्हणायची हिंमत न्हाई, राहा म्हणायचीबी न्हाई.

"न्हाई मास्टर," हे म्हणाले. "सोमवारी कोर्टात गर्दी जास्त राह्यती."